घडी, ठिपके आणि सदाफुली

“बाई, माझी दोन पानं झाली!”

दुसरीच्या वर्गात कागदाची घडी घालून पिंपळपान कापायला सांगितलं की चार-पाच मुलांकडून ही तक्रार हमखास येते. कागद बरोबर अर्धा दुमडलेला असतो, अर्ध्या पानाची आकृतीही चांगली काढलेली असते. फक्त ती घडीच्या बाजूला न काढता मोकळ्या कडेच्या बाजूला काढलेली असते. कात्री फिरली की हातात दोन सुटी अर्धी पानं येतात. मी त्यांना दुसरा कागद लगेच देत नाही. ती दोन अर्धी पानं पाटीवर शेजारी शेजारी ठेवून जुळवायला सांगते. जुळवताना एक पान उलटं करावं लागतं, आणि सममितीतली खरी गोम त्या उलटं करण्यातच आहे. ‘दोन्हीकडे सारखं’ असं आपण मुलांना सांगतो, पण डावा-उजवा तळहात जसा सारखा, तसं ते सारखं असतं: एकमेकांवर ठेवायचं तर तळव्याला तळवा लावावा लागतो.

पान जमलं की पुढचा खेळ भोकांचा. वर्तमानपत्राचा वीतभर चौरस घ्यायचा, एकदा अर्धा दुमडायचा, मग आडवा फिरवून पुन्हा अर्धा. चार पदर झाले. याहून जास्त घड्या लहान मुलांच्या बोथट कात्रीला झेपत नाहीत. कागद सरकतो आणि आकार वेडावाकडा येतो. कार्डपेपर तर नकोच. आता या छोट्या चौरसाचा एक कोपरा सगळीकडून बंद असतो. तोच मूळ कागदाचा मध्य. तो कोपरा थोडासा कापला तर उघडल्यावर किती भोकं दिसतील? उघडण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाजाचं चित्र काढायचं, हा नियम मी सोडत नाही. तो सोडला की खेळात नुसती कापाकापी उरते. पहिल्यांदा बहुतेक जण ‘चार’ म्हणतात, कारण पदर चार. उघडल्यावर मध्यभागी एकच भोक निघतं. मग घडीच्या कडेवर मधोमध त्रिकोणी खाच घ्यायची: भोकं दोन. कात्री घडीला लागू न देता पदरांच्या पोटात, पंचिंगच्या यंत्राने भोक पाडलं की चार.

एवढं झाल्यावर मी विचारते, “मला तीन भोकं हवीत.” वर्ग दहा-पंधरा मिनिटं गप्प होतो. मग कोणीतरी बंद कोपराही कापतो आणि कडेवर खाचही घेतो. एक आणि दोन मिळून तीन. घडीवर पडलेला काप स्वतःच स्वतःचं प्रतिबिंब पुरा करतो आणि घडीपासून दूर पडलेल्या कापाला पलीकडे जोडीदार मिळतो, हे शब्द मुलांकडे नसतात. पण तीन भोकं काढणाऱ्याच्या हाताला ते कळलेलं असतं.

रांगोळीत ही सोय नाही. अंगण दुमडता येत नाही, म्हणून घडी डोक्यात घालावी लागते. रांगोळीची पूड चिमटीतून एकसारखी सोडणं सहा-सात वर्षांच्या बोटांना जमत नाही, तेव्हा आम्ही फरशीवर खडूने ठिपके काढतो आणि रेघांऐवजी चिंचोके मांडतो. चुकलं तर उचलून पुन्हा मांडता येतात.

एक प्रसंग सांगते. आडवे सात ठिपके, अशा पाच ओळी. डावीकडे मी चिंचोक्यांचा एक मासा मांडला होता: शेपूट पहिल्या ठिपक्यावर, तोंड तिसऱ्यावर. चौथा उभा रकाना म्हणजे घडीची रेघ. उजवी बाजू मुलांनी पुरी करायची. एका मुलीने शेपूट पाचव्यावर आणि तोंड सातव्यावर ठेवलं. दोन्ही मासे एकामागून एक पोहायला लागले! तिने मासा हुबेहूब उचलून ठेवला होता, उलटा केला नव्हता. ही नक्षी वाईट नाही. साडीच्या काठावरचे मोर असेच एका दिशेने चालतात. पण तो काठ झाला, आरसा झाला नाही.

तिला चूक सांगण्याऐवजी तीच मांडणी ठिपक्यांच्या कागदावर काढायला लावली आणि मधल्या रकान्यावर दुमडून खिडकीच्या उजेडात धरायला सांगितली. तोंडावर शेपूट आलेली दिसली. मग तिने मोजणी बदलली. कडेपासून न मोजता मधल्या रेघेपासून मोजू लागली: तोंड रेघेपासून एक ठिपका दूर, शेपूट तीन ठिपके दूर. म्हणजे तोंड पाचव्यावर, शेपूट सातव्यावर. तिच्या शेजारच्या मुलाला त्यात आणखी काही दिसलं. तीन आणि पाच आठ, एक आणि सात आठ. जोडीच्या ठिपक्यांची बेरीज दर वेळी आठच. रकाने सातऐवजी सहा केले तर बेरीज सात होते आणि घडीची रेघ कुठल्याच ठिपक्यावर न येता तिसऱ्या-चौथ्याच्या मधून जाते. तिथे मुलं पुन्हा अडखळतात, म्हणून सुरुवात विषम संख्येनेच केलेली बरी.

घडीला फसवणारे दोन आकार मात्र मुद्दाम दाखवावेत. एक, वहीचं आयताकृती पान. ते कर्णावर दुमडलं तर दोन्ही त्रिकोण सारखेच असतील असं सगळ्यांना वाटतं, आणि ते असतातही; पण घडी घातल्यावर कोपरे बाहेर डोकावतात. दुसरा, स्वस्तिक. तो कुठेही दुमडा, हात हातावर बसत नाही. पाव फेरी फिरवा, जसाच्या तसा. भिंगरीही तशीच. घडीची सममिती वेगळी आणि फिरण्याची वेगळी. लहान मुलांपुढे याहून जास्त व्याख्या नकोत.

ठिपकेही दोन तऱ्हांचे. सरळ ठिपक्यांत मधल्या ठिपक्याला चार जवळचे शेजारी, म्हणून चार किंवा आठ पाकळ्यांचं फूल सहज येतं. मधल्या ठिपक्यांत, म्हणजे ‘पाच ते तीन’ असे ३, ४, ५, ४, ३ ठिपके काढले तर शेजारी सहा, आणि फूल सहा पाकळ्यांचं. इथे मोठ्यांचीच एक चूक होते. ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतराएवढंच ठेवलं की फूल उभं ताणलं जातं. ठिपक्यांत ८ सेंटिमीटर ठेवले तर ओळींत ७ ठेवावेत.

“बाई, सदाफुलीला तर पाच पाकळ्या असतात,” असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. तिसरीतल्या दोघांनी एकदा पूर्ण तास सरळ आणि मधल्या अशा दोन्ही ठिपक्यांवर पाच सारख्या पाकळ्या बसवण्यात घालवला. मी थांबवलं नाही, पण त्या बसणार नव्हत्या. एकसारख्या पसरलेल्या ठिपक्यांत दोन, तीन, चार किंवा सहांचा फेरा बसतो, पाचांचा कधीच बसत नाही. हे गणितात सिद्ध झालेलं आहे. कागदाला मात्र पाचांची अडचण नाही. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं, त्याची प्रेरणा बालवाडीतल्या घडीकामाची होती. त्यात पंचकोनावर स्वतंत्र प्रकरण आहे.

आम्ही मात्र त्या दोघांना सोपा रस्ता दाखवला. दोन-अडीच सेंटिमीटर रुंद आणि फूटभर लांब कागदी पट्टी घ्यायची, तिला साधी गाठ मारायची आणि न चुरगळता हळूहळू ओढत सपाट करायची. घाई केली की गाठीत सुरकुती राहते आणि एक बाजू आखूड होते. टोकं कापली की उरतो तो नियमित पंचकोन. तो फरशीवर ठेवून त्यांनी खडूने त्याच्याभोवती रेघ मारली आणि प्रत्येक बाजूवर चिंचोक्यांची एकेक पाकळी मांडली. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा पाचवी पाकळी अर्धी राहिली होती, आणि दोघंही डबा खायला उठायला तयार नव्हते.