मला ऑकवर्ड झालं

मित्रमंडळींच्या गप्पांत कुणीतरी 'क्रिंज'ला मराठी शब्द विचारतं आणि पाच मिनिटांत उत्तरांचा ढीग पडतो. एक जण 'किळसवाणं' म्हणतो, दुसरी 'लाजिरवाणं' सुचवते, तिसरा शब्दकोश उघडून 'भीतीने अंग चोरणे' घेऊन येतो. थोडी ओढाताण होते आणि क्रिंज म्हणजे क्रिंजच, यावर सभा संपते. 'व्हाइब'चं याहून वाईट. 'मला तुझी स्पंदनं आवडतात' हे वाक्य व्याकरणात अगदी चोख आहे, पण ते कुणाला म्हणून दाखवायची हिंमत आजवर कुणी केली असेल असं वाटत नाही.

माझ्या मते इथे प्रश्नच जरा चुकीचा विचारला जातो. समोर एक सुटसुटीत विशेषण आलं की आपण त्याच्या तोडीचं विशेषण शोधायला लागतो. मराठीत मनाच्या अवस्था बहुतेक वेळा विशेषणात राहतच नाहीत, त्या क्रियापदात राहतात. इंग्रजी माणूस स्वतः भुकेला असतो, रागावलेला असतो. आपल्याकडे भूक लागते, राग येतो, लाज वाटते, कसंतरी होतं. आणि हे सगळं 'मी' करत नाही, 'मला' होतं. शाळेत चतुर्थी म्हणून घोकलेला तो 'ला' प्रत्यय इथे सगळं काम करतो. म्हणून या शब्दांना मराठी जोड शोधायची तर शब्द बाजूला ठेवून आधी विचारावं: कुणाला, कशाने, काय झालं?

ही सवय इतकी मुरलेली आहे की इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेतला तरी वाक्याचा सांगाडा आपलाच राहतो. कॉलेजातली पोरं 'मी ऑकवर्ड होतो' असं म्हणत नाहीत, 'मला ऑकवर्ड झालं' म्हणतात. हे 'झालं' आलं कुठून? 'मला अवघडल्यासारखं झालं' या वाक्यातून. शब्द बदलला, खुर्ची तीच. व्हाइबचंही तसंच: 'त्याच्याकडून चांगली व्हाइब येत नाही.' वास यावा तशी व्हाइब येते, आणि येतानाच तिला स्त्रीलिंगही मिळतं. हे कुणी ठरवून दिलेलं नाही, तरी सगळे तसंच बोलतात.

आता एकेका शब्दाकडे येऊ. 'ऑकवर्ड' हा चौघांत सगळ्यात सोपा, पण त्याच्या पोटात चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीने त्या निरनिराळ्या घरांत ठेवल्यात. इंग्रजीत या शब्दाचं मूळ 'उलट्या बाजूला वळलेलं' असं आहे. त्यावरून बेढब, गैरसोयीचं, संकोचाचं, सगळ्याला तो लागू झाला. आपल्याकडे वेळ ऑकवर्ड असेल तर ती अडनिडी वेळ. बारा-चौदाचं, ना लहान ना मोठं असं वय म्हणजे अडनिडं वय. याहून नेमकं इंग्रजीलाही जमलेलं नाही. वस्तू धरायला अवघड असते, प्रश्न अडचणीचा असतो. आणि माणसाला जे होतं ते अवघडल्यासारखं किंवा कानकोंड्यासारखं होतं.

समजा लग्नाच्या पंगतीत कुणी सहज विचारलं, 'काय, यंदा तरी बार उडवणार का?' आणि नेमकं महिन्यापूर्वीच ते जमलेलं लग्न मोडलं आहे. विचारणारा गप्प, ऐकणारी गप्प, वाढणारा जिलबी हातात धरून उभा. ही ती ऑकवर्ड शांतता. तिला 'विचित्र शांतता' म्हटलं तर भुताची गोष्ट वाटते. घरी आल्यावर कुणी हा प्रसंग सांगेल तेव्हा म्हणेल, 'कुणाला काय बोलावं सुचेना', किंवा 'मला तर इतकं कानकोंड्यासारखं झालं!' शांतता हा शब्दसुद्धा लागत नाही. जपायचं एवढंच की 'अवघडलेली' हा शब्द बाईबद्दल सुटा वापरला तर जुनी माणसं दिवस भरत आलेले आहेत असं समजतील. तिथे 'अवघडल्यासारखं झालं' हे पूर्ण म्हणावं.

खरी कसोटी क्रिंजची. या शब्दाचा जुना अर्थ अंग आक्रसून घेणं, दबून जाणं असा आहे, म्हणून कोश तुम्हाला लाचारीकडे आणि भीतीकडे नेतो. आजच्या बोलण्यात मात्र त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय मराठी सापडत नाही.

पहिली, फजिती माझी आणि लाजही माझी. दहावीत वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली चारोळी आज सापडते, आणि एकटे असतानाही मान खाली जाते. इथे 'ओशाळलो' किंवा 'मेल्याहून मेल्यासारखं झालं' चालतं. नुसतं 'आठवलं तरी कसंतरी होतं' हे तर रोजचंच आहे.

दुसरी, फजिती त्याची, लाज माझी. संगीताच्या कार्यक्रमात नवऱ्यामुलाचे काका माइक हातात घेतात, बेसूर गाता गाता वधूच्या मैत्रिणींकडे बघून डोळे मिचकावतात. काका खुशीत आहेत, त्यांना काहीच वाटत नाही. खुर्चीत आक्रसतो तो पुतण्या. या उसन्या लाजेला जर्मन भाषेत वेगळा शब्द आहे, 'फ्रेमडशेमन', म्हणजे परक्यासाठी शरमणं. गंमत अशी की इतका तयार शब्द घरात असूनही जर्मनीत २०२१ साली तरुणांच्या वर्षातल्या शब्दाचा मान मिळाला तो 'क्रिंज'लाच. तेव्हा मराठीत शब्द नाही म्हणून पोरं इंग्रजीकडे वळतात हे रडगाणं पूर्ण खरं नाही. आपल्याकडे या अवस्थेला एकच शब्द नाही हे खरं, पण वाक्य आहे आणि ते घरोघरी ऐकू येतं: 'त्याला काही नाही, मलाच मेलं लाजल्यासारखं झालं.' किंवा आणखी आखूड, 'बघवेना!' या 'बघवेना'त क्रिंजचं निम्मं काम होतं, कारण डोळे मिटून घ्यावेसे वाटणं हाच त्या भावनेचा गाभा आहे.

तिसरी, लाज कुणाचीच नाही, नुसता शेरा आहे. धबधब्याखाली गॉगल लावून केलेलं लग्नाआधीचं फोटोशूट बघून ताई म्हणते, 'किती क्रिंज आहे!' इथे मराठी श्रीमंत आहे. विनोद असेल तर पाचकळ, पांचट. वागणं असेल तर आचरट, थिल्लर. सजावट असेल तर भडक. बेत असेल तर 'अति झालं'. आणि सगळ्यांत चपखल, आजीच्या तोंडचं 'शी, काहीतरीच!' त्यात तोंड वाकडं करणंही आलं आणि हसूही आलं. 'किळसवाणं' इथे बसत नाही. किळस पालीची, उष्ट्या ताटाची, सडलेल्या भाजीची येते. काकांची किळस आली म्हटलं तर पुतण्याने काकांबद्दल फारच गंभीर आरोप केला असं होईल.

पण इथेच मर्यादाही कळते. पोरांना एकच शिक्का हवा असतो, जो स्वतःवर, काकांवर आणि फोटोशूटवर सारखाच मारता येईल. मराठी त्यांना तिन्ही वेळा वेगळं वाक्य करायला लावते, आणि गप्पांच्या धबडग्यात तेवढा वेळ कुणाला असतो?

व्हाइबवर फार थांबायला नको. जागेची व्हाइब म्हणजे वातावरण, लोक जमले असतील तर माहोल. चांगली असेल तर 'प्रसन्न वाटतं', वाईट असेल तर 'भकास वाटतं', 'खायला उठतं'. माणसाबद्दल असेल तर 'मला तो काही बरोबर वाटला नाही', आणि हे म्हणताना कारण द्यावं लागत नाही, अगदी व्हाइबसारखंच. दोन माणसांची व्हाइब जुळते तेव्हा आपण सूर जुळले म्हणतो, तारा जुळल्या म्हणतो. मूळ इंग्रजी शब्द कंपनावरूनच आलेला असल्याने इथे दोन्ही भाषा योगायोगाने एकाच वाद्यापाशी येतात.

राहिला 'हँग्री'. इंग्रजीत 'हंग्री' आणि 'अँग्री' यांचं शेपूट एकच आहे, म्हणून दोन्ही एकमेकांत सांधता आले. शब्द वाटतो तितका कालचा नाही. छापील नोंद १९५६ पर्यंत मागे जाते, ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात मात्र तो २०१८ साली दाखल झाला. गंमत सगळी त्या नादसाम्यात आहे. मराठीत 'भूक' आणि 'राग' यांच्यात एक अक्षर सारखं नाही. म्हणून 'भुराग', 'भुकंताप' असले जोडशब्द एकदा हसवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागतो. समजावून सांगावा लागणारा बोलीशब्द टिकत नाही. 'महापौर' आणि 'दिनांक' टिकले, कारण ते पाट्यांवर आणि अर्जांवर छापून आले. भुकेल्या माणसाला अर्ज भरायचा नसतो.

पण आपल्याकडेही एक नादाचा योग आहे आणि तो कुणी फारसा वापरत नाही. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, आणि माणूस वैतागला की कावतो. 'त्याच्याशी आत्ता बोलू नकोस, भुकेनं कावलाय' या वाक्यात हँग्रीमधली भूक, चिडचिड आणि थोडी थट्टा, तिन्ही आहेत. हे नवं घडवलेलंही नाही. कावलेली माणसं मराठीत पूर्वीपासून आहेत. त्यातून ऑफिसात दीड वाजता डबा उघडायच्या वेळी कुणी मीटिंग लावली असेल, तर 'पित्त खवळलंय' हेही चालेल, फक्त त्यात राग जास्त आणि भूक कमी ऐकू येते.

आपण निवडलेलं मराठी बसलं की नाही हे ओळखायची एक साधी रीत आहे. वाक्य इंग्रजी न येणाऱ्या माणसाला सांगावं, मग त्याला विचारावं की असं तुला शेवटचं कधी झालं होतं. त्याने लगेच एखादा प्रसंग सांगितला तर भाषांतर जमलं. 'म्हणजे काय?' असं विचारलं तर परत फिरावं. 'भुकेनं कावलाय' आणि 'बघवेना' यात पास होतील. 'कानकोंडं' घरातल्या मोठ्यांकडे पास होईल, पण विशीतल्या पोरांच्या गटात ते मुद्दाम काढलेल्या पैठणीसारखं दिसेल. तिथे 'अवघडल्यासारखं' पुरे.

माझा कौल विचाराल तर हँग्री सोडून द्यावा, कावणं परत घ्यावं. ऑकवर्ड आणि व्हाइब यांना मराठी वाक्यं पुरून उरतात. क्रिंज मात्र राहू द्या. तो एक शिक्का आपल्याकडे खरंच नाही.