खांबाआडची ‘चिखली’

गेल्या वेळी कबूल केलं होतं की या आठवड्यात जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंना रंग भरायला घेऊ. ते पुढे ढकलतो, कारण अमडापूरच्या एका वाचकाने पाठवलेला फोटो. जनरेटिव्ह फिल नेमकं कुठे हात टेकतं, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण मला दुसरं मिळालं नसतं.

फोटोत त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. पिवळ्या पत्र्यावर पेंटरने लाल रंगात हाताने लिहिलेली पाटी. वर मोठ्या अक्षरांत ‘किराणा व जनरल स्टोअर्स’ आणि खाली लहान अक्षरांत ‘अमडापूर, ता. चिखली, जि. बुलडाणा’. प्रत्येक अक्षराला उजवीकडे आणि खाली काळी छटा. पाटीच्या कडेने हिरव्या पानांची नक्षी, दोन्ही टोकांना एकेक कमळ, खाली ओढलेलं लोखंडी शटर. फोटो डाव्या बाजूने तिरका घेतलेला आहे आणि मधापासून जरा उजवीकडे विजेचा खांब उभा. खांबाने ‘चिखली’तलं ‘खली’ जवळजवळ सगळं झाकलंय, पानांची नक्षी वरखाली तोडलीय आणि शटरच्या पट्ट्यांचे दोन तुकडे केलेत. उजव्या कमळावर लिंबाची फांदी आलीय. दुकान आता पाडलंय, पाटीही राहिलेली नाही. म्हणजे नवा फोटो काढता येत नाही.

वाचकाने खांबाभोवती सिलेक्शन करून Generative Fill वर टिचकी मारली. आकाश छान आलं, मागची भिंत छान आली. ‘खली’च्या जागी मात्र दरवेळी नवीनच काहीतरी. लांबून देवनागरी वाटतं, जवळ जाऊन वाचता येत नाही. पानं एकमेकांत मिसळलेली, शटरच्या डावीकडच्या पट्ट्या उजवीकडच्यांना जाऊन मिळत नाहीत. त्यांचा प्रश्न असा की सूचनेत ‘चिखली’ असं लिहूनही हे का होतं?

याचं कारण चित्र बनवण्याच्या पद्धतीत आहे. २०२२ साली खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजनचं काम सगळ्यांना तपासता येतं, म्हणून तेच उदाहरण घेतो. ते मॉडेल ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचं चित्र आधी ६४ गुणिले ६४ घरांत दाबतं. म्हणजे आठ गुणिले आठ पिक्सेलचं एक घर. पाटीवरच्या लहान ओळीतली वेलांटी अशा एकदोन घरांत मावते. पान किंवा ढग थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही, पण ‘ख’ची गाठ सुटली की ‘रव’ होतं आणि वेलांटी सरकली की शब्द मोडतो. मॉडेलला अक्षर कसं दिसतं याचा अंदाज असतो, शब्दात कोणत्या अक्षरानंतर कोणतं येतं हा नियम त्याच्याकडे नसतो. नवी मॉडेल्स इंग्रजी पाट्या बऱ्यापैकी लिहितात, देवनागरीत त्यामानाने जास्त घसरतात.

नक्षीचं आणि जोडीच्या कमळांचं दुखणंही तेच. पानांमधलं अंतर सारखं राहिलं पाहिजे, उजवं कमळ डाव्याशी जुळलं पाहिजे, हे नियम आहेत. मॉडेल आजूबाजूला पाहून साजेसं काहीतरी भरतं, ते मोजत नाही. म्हणून पुन्हापुन्हा टिचकी मारून उपयोग नाही. जिथे नियम आहे तिथे हाताने काम करायचं आणि त्यासाठी लागणारा माल त्याच फोटोतून काढायचा.

कामाची वाटणी आधी करून घ्या. आकाश, भिंत, जमीन एवढ्यापुरतंच जनरेटिव्ह फिल वापरा आणि सिलेक्शन पाटीच्या कडेशी थांबवा. २०२३ साली फोटोशॉपमध्ये हे साधन आलं तेव्हा एका वेळी ते जेमतेम १०२४ गुणिले १०२४ पिक्सेल तयार करत असे. सिलेक्शन साधनाच्या अशा मर्यादेहून मोठं असेल तर तुकडा ताणला जातो आणि मऊ दिसतो. म्हणून खांब एकदम न घेता तुकड्यातुकड्याने घालवा. पाटीवरचा खांबाचा भाग आधी नुसत्या पिवळ्या रंगाने भरून घ्या, अक्षरांविना.

आता तिरकेपणा. पाटी उजवीकडे लहान होत जाते, त्यामुळे ‘बुलडाणा’तलं अक्षर उचलून तसंच ‘चिखली’त ठेवलं तर ते बुटकं दिसेल. यासाठी नवा रिकामा लेयर घ्या आणि Filter > Vanishing Point उघडा. पाटीच्या चार कोपऱ्यांवर चार टिचक्या मारल्या की जाळी तयार होते. जाळी निळी असेल तर बरोबर. लाल किंवा पिवळी झाली तर कोपरे चुकलेत, पुन्हा ओढून बसवा. आता Marquee ने एखादं अक्षर निवडून Alt दाबून ओढलं की ते जागेप्रमाणे आपोआप लहानमोठं होतं. Heal हा पर्याय Off ठेवा, नाहीतर लाल रंग पिवळ्यात पसरतो.

‘खली’ कुठून आणायचं? पाटी नीट पाहिली तर बहुतेक सगळं तिथेच आहे. ‘ल’ त्याच ओळीत ‘बुलडाणा’त मिळतो. तो तिथूनच घ्या, कारण पेंटरने मराठी वळणाचा ‘ल’ काढलाय आणि कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा येतो. ‘ख’ पाटीवर दुसरीकडे कुठेच नाही. पण या पेंटरचा ‘ख’ म्हणजे ‘र’ला चिकटलेला ‘व’. खांबाच्या डाव्या कडेने त्यातल्या ‘र’चं डोकं अजून डोकावतंय. ‘र’ ‘अमडापूर’मधून घ्या. ‘व’ वरच्या ओळीत आहे, पण ती अक्षरं मोठी आहेत आणि लहान करून आणलं तर रेघ बारीक पडते. त्यापेक्षा ‘बुलडाणा’तला ‘ब’ घ्या आणि त्याच्या पोटातली तिरकी रेघ पिवळ्याने पुसा. जाडी, उतार, छटा सगळं जुळलेलं ‘व’ तयार. मग ‘र’ची शेपूट ‘व’च्या बुडाशी ब्रशने जोडा आणि शिरोरेखा अखंड करा.

राहिली दीर्घ वेलांटी. ती पाटीवर कुठेच नाही. ‘चि’ आणि ‘जि’ दोन्ही ऱ्हस्व. चटकन सुचतं की ‘जि’ची वेलांटी आडवी उलटवावी. वळण येतं, पण दोन गोष्टी बिघडतात. काळी छटा उजवीकडून डावीकडे जाते आणि ब्रशचा जाड-बारीक भाग उलट होतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून दांडी ‘ता’च्या कान्यातून सरकवून आणा. ती सरळ असल्याने छटेसकट बसते. फक्त वरचं वळण उलटवा, त्याची काळी छटा पूर्ण पुसा आणि शेजारच्या अक्षराकडे पाहत उजवीकडे-खाली नव्याने काढा. जाडपणा दोनतीन पिक्सेलने ब्रशनेच सुधारा.

या कामातला माझा मुख्य नियम हाच: सरकवता येत असेल तर उलटवू नका. सरकवलेल्या तुकड्यात उजेड आणि सावली आहे त्याच दिशेला राहते, उलटवलेल्यात दिशा बदलते. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या कोरीव भिंतीचा सकाळच्या तिरप्या उन्हातला फोटो घेतला तर हे ठळकपणे कळतं. झाकलेली मूर्ती किंवा वेलबुट्टी समोरच्या बाजूची उलटवून बसवली की तिच्यावर दुसऱ्याच दिशेने ऊन पडलेलं दिसतं. त्याच बाजूची शेजारची बुट्टी सरकवली तर ऊन जुळतं. ढगाळ दिवसाचा सपाट उजेड असेल तर उलटवलेलंही चालतं.

उजव्या कमळाला मात्र उलटवण्यावाचून इलाज नाही, कारण पेंटरने दोन्ही कमळं समोरासमोर तोंड करून काढलीत. डावं कमळ Alt ने ओढून आणा, Transform मध्ये Flip वर खूण करा, मग ‘ली’च्या वळणासारखीच त्याची छटा पुसून नव्याने काढा. फांदीमागून उजव्या कमळाची जी एकदोन पानं खरोखर दिसतात ती मास्क करून तशीच ठेवा. पेंटरचा हात दोन्ही कमळांत हुबेहूब चालत नाही आणि तो फरकच फोटो खरा ठेवतो.

पानांच्या नक्षीत घोळ होतो तो अंतराचा. समजा, एक पान आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून ६० पिक्सेल होतात आणि खांबाने १५० पिक्सेल झाकलेत, म्हणजे अडीच पानं. तुकडा १५० पिक्सेलने सरकवला तर पानाच्या अर्ध्यावर दुसरं पान येईल. तो नेहमी पूर्ण पानांच्या पटीत सरकवायचा: १२०, १८० किंवा २४०. झाकलेला भाग पुरा भरेल एवढा रुंद तुकडा घेऊन तो १८० ने सरकवा, जास्तीचा भाग मास्कने काढा. Vanishing Point मध्येच केलं तर तिरकेपणाचा हिशेब तो ठेवतो. वरच्या आणि खालच्या नक्षीसाठी वेगवेगळ्या जागचे तुकडे घ्या. एकच गंजाचा डाग दोनदा दिसला की चोरी उघडी पडते.

शटर सगळ्यात सोपं. पट्ट्या आडव्या आहेत, म्हणून शटरवर वेगळी जाळी घालून शेजारचा तुकडा पट्टीच्या दिशेने आडवा ओढायचा, इथे Heal: Luminance ठेवून. जुळलं की नाही हे कळायला वरून खाली पट्ट्या मोजा, आधी खांबाच्या डावीकडे, मग उजवीकडे. आकडा सारखा हवा.

शेवटी १०० टक्क्यांवर पाहा. जनरेटिव्ह फिलने भरलेला भाग गुळगुळीत असतो आणि जुन्या फोटोला दाणा असतो. त्या भागावर Filter > Noise > Add Noise मधून Monochromatic ची खूण ठेवून थोडा दाणा घाला, शेजाऱ्याशी जुळेपर्यंत.

दोन गोष्टी वाचकाने विचारल्या. अक्षरं टाइप करून बसवली तर? या पाटीवर नाही, फॉन्टचं अक्षर हातच्या अक्षरांत उपरं दिसतं. छापील पाटी असेल तर चालेल. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी अक्षराच्या मागे न जाता पुढे पडली तर Preferences > Type मध्ये World-Ready Layout निवडा. आणि पाटीवर ‘बुलडाणा’ आहे, सरकारी कागदावर ‘बुलढाणा’ असतं, तर सुधारावं का? अजिबात नाही. पेंटरने लिहिलं तेच ठेवायचं. ‘चिखली’ आपण भरू शकलो कारण अमडापूरचा तालुका चिखलीच आहे. तिथे झाकलेला फोन नंबर असता तर ती जागा पिवळीच सोडायची होती.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात हाताने रंगवलेली पाटी अजून उभी असेल तर आजच तिचे दोन फोटो काढा, मधे खांब असेल तर दुसऱ्यासाठी दोन पावलं बाजूला सरकून. खांब सरकतो, झाकलेली अक्षरं उघडी पडतात आणि Edit > Auto-Align Layers ने दोन्ही फोटो एकावर एक बसवले की वर लिहिलेलं निम्मं काम वाचतं. रंग भरायचं पुढच्या आठवड्यात.