भार कुणावर, झोक कुणाकडे?

छताला दोन तारा टांगल्या आहेत. दोन्ही २ मीटर लांबीच्या आणि १ मिलिमीटर व्यासाच्या. फरक एवढाच, की डावीकडची पोलादाची आहे आणि उजवीकडची तांब्याची. त्यांच्या खालच्या टोकांना १ मीटर लांबीचा, न वाकणारा दांडा आडवा अडकवला आणि त्याच्या मधोमध १६ किलोचं वजन लावलं. आता जास्त भार कोणती तार उचलेल?

बहुतेक जण पोलादाचं नाव घेतात, कारण पोलाद जास्त ताठ असतं. पण खरं उत्तर वेगळं आहे. दोन्ही तारांवर सारखाच, म्हणजे आठ-आठ किलोचा भार येतो.

दोघांनी बांबूला हंडा अडकवून खांद्यावर घेतला, तर हंडा ज्याच्या जवळ त्याला जास्त वजन लागतं. तो पैलवान आहे की पोरगा, याचा त्यात संबंध नसतो. इथेही तेच घडतं. दांडा स्थिर राहायचा, तर दोन तारांच्या ओढीची बेरीज १६ किलो व्हायला हवी आणि दांड्याला फिरवू पाहणारा जोर दोन्ही बाजूंनी सारखा हवा. या दोन अटींवरून दोन्ही ओढी ठरतात. वजन पोलादी टोकापासून ७५ सेंटिमीटरवर सरकवलं, की तांब्यावर १२ किलो येतात आणि पोलादावर ४. या हिशेबात धातूचं नावही येत नाही. (दांड्याचं स्वतःचं वजन आपण सोडून दिलं आहे, ते दोन्ही तारांत निम्मं-निम्मं वाटलं जातं.)

धातू महत्त्वाचा ठरतो तो तार किती लांबते हे काढताना. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आणि तांब्याचा सुमारे १२०. म्हणजे सारख्या मापाच्या तारांवर सारखा भार असला, तर पोलाद ३ भाग लांबेल तेव्हा तांबं ५ भाग लांबेल. आपल्या तारांवर आठ-आठ किलो आहेत, तेव्हा पोलादी तार जवळपास १ मिलिमीटर लांबते आणि तांब्याची १.६७. वजन बरोबर मधोमध असूनही दांडा तांब्याकडे झुकतो. हा झोक डोळ्यांना दिसत नाही, कारण तो अंशाच्या पंचविसाव्या भागाएवढाच आहे. पण दांड्यावर चांगली स्पिरिट लेव्हल ठेवली, तर तिचा बुडबुडा लगेच पोलादी टोकाकडे सरकतो.

मग दांडा सपाट कधी राहील? दोन्ही तारा सारख्या लांबतील तेव्हा. त्यासाठी भार ५ ला ३ या प्रमाणात वाटला पाहिजे, म्हणजे पोलादावर १० किलो आणि तांब्यावर ६. वजन पोलादी टोकापासून ३७.५ सेंटिमीटरवर असलं, की नेमकी हीच वाटणी होते. दोन्ही तारा १.२५ मिलिमीटर लांबतात आणि दांडा आडवाच राहून तेवढा खाली येतो. गंमत या जागेच्या आणि मध्याच्या दरम्यान आहे. समजा, वजन ४५ सेंटिमीटरवर आहे. ते पोलादाच्या जवळ आहे, पोलादावर भारही जास्त म्हणजे ८.८ किलो आहे, तरी पोलाद १.१ मिलिमीटर लांबतं आणि तांबं १.५. भार एकीकडे जास्त आणि झोक दुसरीकडे! वजन मधोमधच हवं असेल, तर तांब्याची तार साधारण १.२९ मिलिमीटर व्यासाची घ्यावी. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ पोलादी तारेच्या १.६७ पट होतं आणि मधल्या वजनालाही दांडा सपाट राहतो.

प्रत्यक्ष प्रयोगात दोन गोष्टी दगा देतात. तारेत बारीक वळ्या असतील, तर पहिल्या वजनाला त्या सरळ होतात आणि तार लांबली असं वाटतं. म्हणून आधी थोडं वजन टांगून ठेवावं आणि मोजमाप त्यापुढे सुरू करावं. दुसरी गोष्ट म्हणजे तापवून मऊ केलेली तांब्याची तार. १ मिलिमीटरच्या अशा तारेला ८ किलोही झेपत नाहीत; ती कायमची लांबते. इथे थंड स्थितीत ओढून कडक केलेली तारच हवी. तार ताणून राहिली का, हे ओळखायला वजन काढावं. दांडा पूर्वीच्या जागी परतला नाही, तर वरचं गणित त्या तारेला लागू नाही.

‘ताठ तार जास्त भार घेते’ हा समज सरसकट खोटा मात्र नाही. दोन टोकांना तांब्याच्या आणि मध्ये पोलादाची अशा सारख्या मापाच्या तीन तारा लावून मधोमध २२ किलो टांगले, तर तिन्ही तारांना सारखंच लांबावं लागतं. तेव्हा पोलादावर १० किलो येतात आणि तांब्याच्या तारांवर सहा-सहा. त्यामुळे असं गणित समोर आलं, की आधी तारा मोजा. दोनच असतील तर भाराची वाटणी वजनाच्या जागेवरून काढा आणि धातूचा विचार फक्त झोक काढताना करा. तीन असतील, तर धातू विचारात घेतल्याशिवाय भारही निघणार नाही.