सोलोचे वृद्धी प्रतिमान: बचतीचा दर वाढल्याने नेमके काय वाढते?

प्रस्तावना

अर्थशास्त्राच्या एम.ए. परीक्षेत, तसेच नेट व भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षांत सोलोच्या प्रतिमानावर एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो: "बचतीचा दर वाढल्यास स्थिर अवस्थेवर काय परिणाम होईल?" विद्यार्थी आकृती बरोबर काढतात, बचतीचा वक्र वर सरकवतात, नवा छेदबिंदू दाखवतात आणि शेवटी लिहितात की, "म्हणून अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर कायमचा वाढतो." या एका वाक्याने सगळे उत्तर चुकते. प्रतिमानाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. प्रस्तुत लेखात हा मुद्दा एका छोट्या उदाहरणाने समजावून घेतला आहे आणि तो भारताच्या नियोजनकाळातील अनुभवाशी ताडून पाहिला आहे.

स्थिर अवस्था म्हणजे काय?

रॉबर्ट सोलो यांनी हे प्रतिमान १९५६ साली मांडले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे ट्रेव्हर स्वान यांनीही स्वतंत्रपणे तसेच प्रतिमान मांडले. त्याचा गाभा एका समीकरणात येतो:

Δk = s·f(k) − (n + δ)·k

येथे k म्हणजे दर श्रमिक भांडवल, f(k) म्हणजे दर श्रमिक उत्पादन, s बचतीचा दर, n श्रमिकांच्या संख्येतील वाढीचा दर आणि δ घसाऱ्याचा दर. पहिले पद दर श्रमिक प्रत्यक्ष गुंतवणूक सांगते. दुसरे पद k आहे तेवढाच टिकवण्यासाठी लागणारी गुंतवणूक सांगते.

हे दुसरे पद विद्यार्थी पाठ करतात, पण ते का येते हे सांगता येत नाही. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्तीत एक शिलाई कारखाना आहे अशी कल्पना करू आणि सगळी अर्थव्यवस्था जणू त्या एका कारखान्यातच सामावली आहे असे मानू. कारागीर ५०, यंत्रे व इतर भांडवल २०० लाख रुपयांचे. म्हणजे दर कारागीर भांडवल ४ लाख रुपये. उत्पादन फलन y = √k असे घेऊ; तेव्हा दर कारागीर वार्षिक उत्पादन २ लाख आणि एकूण उत्पादन १०० लाख रुपये होते. उत्पन्नाच्या २० टक्के बचत होते, म्हणजे २० लाख रुपये.

या २० लाखांचे काय होते ते पाहू. वर्षभरात ८ टक्के यंत्रे झिजतात. त्यांच्या बदल्यात १६ लाख रुपये जातात. कारागिरांची संख्या दरवर्षी २ टक्क्यांनी वाढते, म्हणजे एक नवा कारागीर कामावर येतो. त्याला इतरांइतकीच साधने द्यायची तर ४ लाख रुपये लागतात. १६ आणि ४ मिळून २० लाख झाले, आणि बचतही तेवढीच होती. सगळी बचत आहे ती पातळी टिकवण्यातच खर्ची पडली. दर कारागीर भांडवल ४ लाखांवरच राहिले. हीच स्थिर अवस्था.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. 'स्थिर' आहे ते दर श्रमिक भांडवल व दर श्रमिक उत्पादन. पुढच्या वर्षी कारागीर ५१, भांडवल २०४ लाख आणि उत्पादन १०२ लाख असेल. म्हणजे एकूण उत्पादन २ टक्क्यांनी, n इतक्याच दराने, वाढत आहे. "स्थिर अवस्थेत एकूण उत्पादनाच्या वाढीचा दर किती?" या प्रश्नाला 'शून्य' हे उत्तर चुकीचे आहे, शून्य दर हा दर श्रमिक उत्पादनाचा असतो. प्रतिमानात g दराने तांत्रिक प्रगती धरली असेल, तर दर श्रमिक उत्पादन g दराने आणि एकूण उत्पादन n + g दराने वाढते.

बचतीचा दर वाढल्यावर

आता बचतीचा दर २० वरून ३० टक्के झाला. त्या वर्षी यंत्रे तीच आहेत, म्हणून उत्पादनही १०० लाखच आहे. पण बचत ३० लाख होते आणि पातळी टिकवायला २० लाखच लागतात. उरलेल्या १० लाखांची नवी यंत्रे येतात व दर कारागीर भांडवल सुमारे ४.२ लाखांवर जाते. ही वाढ ५ टक्के आहे. उत्पादन मात्र दर कारागीर २ लाखांवरून २.०५ लाखांवर, म्हणजे सुमारे अडीच टक्क्यांनीच वाढते.

दुसऱ्या वर्षी भांडवल ४.२ वरून ४.३९ लाखांवर जाते. वाढ आता ४.६ टक्के. पुढे दरवर्षी ती कमी होत जाते. याची कारणे दोन. प्रत्येक नव्या यंत्रामुळे मिळणारे जादा उत्पादन आधीच्यापेक्षा कमी असते. आणि भांडवल जितके मोठे, तितका घसाऱ्याचा व नव्या कारागिरांचा वाटाही मोठा होतो. शेवटी बचत आणि ही गरज पुन्हा एकमेकींना गाठतात:

s·√k = (n + δ)·k, म्हणून k* = [s ÷ (n + δ)]²

जुन्या दराने k* = (०.२० ÷ ०.१०)² = ४ लाख होते. नव्या दराने k* = (०.३० ÷ ०.१०)² = ९ लाख, आणि y* = ३ लाख. तेथे पोहोचल्यावर दर कारागीर उत्पादनाची वाढ पुन्हा शून्य आणि एकूण उत्पादनाची वाढ पुन्हा २ टक्के, म्हणजे पूर्वी होती तितकीच.

बचतीचा दर वाढल्याने दर श्रमिक उत्पादनाची पातळी दीडपट झाली. दीर्घकालीन वाढीचा दर बदलला नाही. मधल्या संक्रमणकाळात तेवढा तो जास्त होता. परीक्षेत 'पातळीवरील परिणाम' आणि 'वाढीच्या दरावरील परिणाम' असा भेद विचारतात तो हाच.

हा संक्रमणकाळ लहान नसतो. आपल्या उदाहरणात उत्पादनाची २ ते ३ लाख ही वाट अर्धी सरायला सुमारे १४ वर्षे लागतात. या काळात कारागिरांच्या घरी काय घडते हेही पाहायला हवे. पूर्वी दर कारागीर उपभोग १.६० लाख होता. बचत वाढवली त्याच वर्षी तो १.४० लाखांवर येतो, आणि पुन्हा १.६० लाखांच्या वर जायला जवळपास सात वर्षे जातात. नव्या स्थिर अवस्थेत तो २.१० लाख होतो. आधी सोसायचे आणि फळ पुढे मिळायचे, असा हा व्यवहार आहे.

म्हणून बचत जितकी जास्त तितके चांगले, असेही नाही. याच उदाहरणात बचतीचा दर ५० टक्के केल्यास स्थिर अवस्थेतील उपभोग २.५० लाख होतो आणि ६० टक्के केल्यास तो २.४० लाखांवर उतरतो. सर्वाधिक उपभोग देणारी ही ५० टक्क्यांची पातळी म्हणजे सुवर्ण नियमाची पातळी. y = √k मध्ये भांडवलाचा वाटा निम्मा असल्याने ती ५० टक्क्यांवर येते.

भारताचा अनुभव

पहिली पंचवार्षिक योजना (१९५१–५६) हॅरॉड-डोमर यांच्या विचारसरणीवर आधारलेली होती. त्या विचारात भांडवल व उत्पादन यांचे प्रमाण ठरलेले असते. त्यामुळे बचतीचा दर दुप्पट झाला की वाढीचा दरही दुप्पट होतो. सोलो यांनी आक्षेप घेतला तो याच ठरलेल्या प्रमाणाला.

१९५०-५१ मध्ये भारतातील बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक दशांश होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती एक पंचमांशाच्या वर गेली. बचतीचा दर दुप्पट झाला, पण १९५० ते १९८० या काळात वाढीचा सरासरी दर साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिला. प्रा. राज कृष्ण यांनी यालाच 'हिंदू वृद्धी दर' असे नाव दिले.

सोलोच्या प्रतिमानातून याकडे पाहू. भांडवलाचा उत्पन्नातील वाटा एक तृतीयांश धरला, तर y* हे s ÷ (n + δ) च्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. केवळ बचत दुप्पट झाली असती तर दर श्रमिक उत्पादनाची स्थिर पातळी √२, म्हणजे सुमारे १.४१ पट झाली असती. पण त्याच काळात n सुद्धा बदलला. १९४१–५१ या दशकात लोकसंख्या १३.३ टक्क्यांनी वाढली होती. १९७१–८१ मध्ये ती २४.७ टक्क्यांनी वाढली. वार्षिक दर सुमारे १.२५ वरून २.२ टक्क्यांवर गेला. घसारा ५ टक्के मानल्यास s ÷ (n + δ) हे १.६ वरून २.८ च्या जवळ, म्हणजे सुमारे पावणेदोन पट होते आणि y* सुमारे १.३२ पट. हा लाभ जवळपास तीस वर्षांत विभागला, तर वर्षाला एक टक्काही होत नाही. बचत दुप्पट होऊनही वाढीचा दर दुप्पट का झाला नाही, याचा मोठा भाग येथे उलगडतो.

ही आकडेमोड ढोबळ आहे. १९५१ साली भारत स्थिर अवस्थेत होता असे मानायला आधार नाही, आणि लोकसंख्येची वाढ म्हणजे श्रमिकांची वाढ नव्हे. त्याहून मोठी मर्यादा वेगळी आहे. घातलेले भांडवल पूर्ण क्षमतेने वापरले जाते की पडून राहते, हे समीकरणातील s सांगत नाही. १९८० च्या दशकात बचतीचा दर जवळपास तेथेच रेंगाळला, तरी वाढीचा दर साडेपाच टक्क्यांच्या घरात गेला. हा बदल बचतीच्या वक्रावर दाखवता येत नाही. त्यासाठी उत्पादन फलनच वर सरकावे लागते. ते का सरकते, हे सोलोचे प्रतिमान सांगत नाही. तांत्रिक प्रगती ते बाहेरून गृहीत धरते.

निष्कर्ष

परीक्षेत उत्तर लिहिताना क्रम असा ठेवावा. s वाढला की बचतीचा वक्र वर सरकतो, (n + δ)k ही रेषा जागची हलत नाही. जुन्या k वर गुंतवणूक गरजेपेक्षा जास्त होते, म्हणून k वाढू लागतो. सीमांत उत्पादकता घटत असल्याने ही वाढ मंदावत जाऊन नव्या, अधिक k* वर थांबते. दर श्रमिक उत्पादनाची पातळी कायमची वाढते. वाढीचा दर केवळ संक्रमणकाळात वाढतो. प्रश्नात s बरोबर n ही वाढवला असेल तर रेषाही वर फिरते, आणि k* वाढेल की घटेल हे s ÷ (n + δ) काढल्याशिवाय सांगू नये. उपभोगाबद्दल विचारले असेल तर तो आधी घटतो हे लिहावे. पुढे तो मूळ पातळीच्या वर जाईल की नाही, हे अर्थव्यवस्था सुवर्ण नियमाच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर ठरते.