मुदतवाढ मागताना तारीख कशी ठरवायची

असाइनमेंटला मुदतवाढ मागणारे बहुतेक ई-मेल कारणावरच संपतात. घरी आजारपण होतं, मला ताप होता, गावी जावं लागलं, आणि शेवटी ‘कृपया थोडा वेळ वाढवून द्यावा ही विनंती’. वाचणाऱ्या प्राध्यापकाला कारण पटतंही. पण थोडा वेळ म्हणजे दोन दिवस की दोन आठवडे, हे त्या मेलमध्ये नसतं आणि निर्णय नेमका तेवढ्यावरच घ्यायचा असतो. मग उत्तर येतं, ‘येऊन भेटा’. विद्यार्थी गावी दवाखान्यात बसलेला असतो, तो भेटणार कसा? वर्षानुवर्षं असे मेल वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की, मेल लिहिताना सगळ्यात जास्त विचार नव्या तारखेचा करायला हवा.

एक उदाहरण घेऊ. एक मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. घर मिरजेजवळच्या गावात. घरकाम करणाऱ्या दहा स्त्रियांच्या मुलाखती घेऊन अडीच हजार शब्दांचा अहवाल लिहायचा, ही तिची असाइनमेंट. मुदत शुक्रवार, २० फेब्रुवारी. सात मुलाखती झाल्या आहेत. सोमवारी, १६ तारखेला रात्री घरून फोन येतो: वडिलांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तातडीनं करावं लागतंय. धाकटा भाऊ दहावीला आहे, आई एकटी आहे. ती मिळेल त्या गाडीनं निघते.

आता तारीख. डॉक्टरांनी गुरुवारी घरी सोडू असं सांगितलंय. म्हणजे ती शुक्रवारी रात्रीपर्यंत पुण्यात पोचेल. उरलेल्या तीन बायका दुपारी दोन ते चार या वेळातच मोकळ्या असतात, त्यामुळे एका दिवसात दोनच मुलाखती होतील. शनिवार आणि रविवार त्यात जातील. लिहायला सोमवार आणि मंगळवार. एखादी बाई ऐनवेळी भेटली नाही तर बुधवारची सकाळ हाताशी हवी. उत्तर निघालं: बुधवार, २५ फेब्रुवारी, सायंकाळी पाच. सोमवार आणि गुरुवार यांच्यामध्ये जे दिवस बुडाले, जवळपास तेवढेच दिवस तिनं मागितले. कारण आणि मुदत यांचा असा मेळ बसला की प्राध्यापकाला शंका घ्यायला जागा राहत नाही. रात्री साडेअकराला नेट गेलं हेही खरं कारण आहे, पण त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा वेळ मिळतो, आठवडा मिळत नाही.

मंगळवारी दुपारी, ऑपरेशन नीट पार पडल्यावर, ती मोबाइलवरून मेल लिहिते. विषयाच्या ओळीत: ‘एम.ए. भाग १, रोल नं. २३, असाइनमेंट २: २५ फेब्रुवारीपर्यंत मुदतवाढीची विनंती’. आणि मजकूर असा:

‘आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार. असाइनमेंट २ (घरकामगार स्त्रियांच्या मुलाखती) शुक्रवार, २० फेब्रुवारीला द्यायची आहे. काल रात्री माझ्या वडिलांचं तातडीचं ऑपरेशन झालं. मी मिरजेला त्यांच्यासोबत आहे आणि शुक्रवारी रात्री पुण्यात परतेन.
दहापैकी सात मुलाखती पूर्ण आहेत, त्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. उरलेल्या तीन मुलाखती शनिवार-रविवारी घेऊन पूर्ण अहवाल बुधवार, २५ फेब्रुवारी, सायंकाळी ५ पर्यंत द्यायची परवानगी मिळावी, ही विनंती. ही तारीख गुण भरण्याच्या दृष्टीनं उशिराची होत असेल, तर आपण द्याल त्या तारखेला मी देईन. दवाखान्याचा कागद हवा असल्यास पाठवते.
आपली विद्यार्थिनी,’

खाली पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर आणि फोन.

आजाराचा तपशील एका वाक्यात आटोपला आहे. वडिलांना काय काय झालं, आई किती घाबरली, हे खरं असलं तरी ते प्राध्यापकाला सांगायची गरज नाही, आणि वडिलांचे रिपोर्ट न मागता पाठवणं तर टाळलेलंच बरं. तो त्यांचा खासगी मामला आहे. जोडायच्याच असतील तर त्या सात मुलाखतींच्या नोंदी जोडाव्यात. काम सुरू होतं याचा त्याहून चांगला पुरावा नाही. उलट, मुदतीच्या आदल्या रात्री आलेल्या आणि सोबत एक ओळही नसलेल्या मेलमध्ये कारण कितीही खरं असलं तरी काम सुरूच झालं नव्हतं, हे लगेच कळतं.

‘गुण भरण्याच्या दृष्टीनं’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. विद्यार्थ्यांना दिसत नाही, पण प्राध्यापकालाही मुदत असते. साठ जणांच्या असाइनमेंट तपासून अंतर्गत गुण परीक्षा विभागाकडे ठरलेल्या दिवशी द्यावे लागतात आणि त्यानंतर एकाचे गुण मागाहून भरायचे म्हणजे अर्ज, सह्या, खुलासे. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात गुण जाणार असतील तर २५ फेब्रुवारी चालते, ५ मार्च चालत नाही. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना वेगळाच अनुभव येतो. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत मुदतवाढ शिक्षकाच्या हातात नसते, त्यासाठी विभागाकडे स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो. तिथे आधी नियम पाहावा, मेल नंतर.

परवानगी मिळाली तरी एक अडचण उरते, ती सॉफ्टवेअरची. मूडल वापरणाऱ्या कॉलेजात असाइनमेंटला दोन तारखा लावता येतात. पहिली उलटली तर काम उशिरा आल्याची नोंद होते. दुसरी, म्हणजे कट-ऑफची तारीख उलटली की फाइल चढवताच येत नाही. एकाच विद्यार्थ्याला वाढीव मुदत द्यायची सोय त्यात आहे, पण ती प्राध्यापकानं स्वतः लावावी लागते. गूगल क्लासरूममध्ये साधारणपणे उशिरा काम देता येतं, मात्र त्यावर उशिराचा शिक्का बसतो. शिक्षकानं मुदतीनंतर स्वीकारणं बंद केलं असेल तर तेही जमत नाही. त्यामुळे होकार आल्यावर त्याच मेलला उत्तर देऊन विचारावं, ‘मॅडम, २५ तारखेला क्लासरूमवरच देऊ की मेलनं पाठवू?’ पुढे कुणी उशिराबद्दल विचारलं तर परवानगी आणि काम एकाच जागी सापडतात.

उत्तरच आलं नाही तर? गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. दोन दिवस वाट पाहून त्याच मेलखाली एक ओळ लिहावी किंवा विभागात फोन करावा. तोवर मूळ मुदतच खरी धरावी आणि शुक्रवारी जेवढं तयार आहे तेवढं देऊन ठेवावं.

आणि कधी कधी अर्धा होकार येतो: ‘२३ तारखेला सकाळी दे’. तेव्हा पुन्हा घासाघीस करू नये, कामाचा हिशेब नव्यानं मांडावा. दहाऐवजी आठ मुलाखतींवर अहवाल लिहावा, शनिवारी एक घेऊन तिथेच थांबावं, रविवार पूर्ण लिहिण्याला द्यावा. अभ्यासपद्धतीच्या भागात स्पष्ट लिहावं की, दहा मुलाखती ठरल्या होत्या, आठ झाल्या, दोघींची भेट होऊ शकली नाही. आणि हे मॅडमना अहवाल देण्याआधी, शनिवारीच, मेलनं कळवावं. आठ चालतील का, हे तेव्हाच ठरतं.