परदेशी शिक्षणाचा खर्च : हिशेब आजचा नव्हे, निघण्याच्या वर्षाचा

परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावातही आता पालक आम्हास विचारतात, ‘मुलीला जर्मनीस पाठवावयाचे झाल्यास पैसे किती लागतील?’ हा प्रश्न बहुधा बारावीनंतर विचारला जातो. तो तिच्या दुसरी-तिसरीतच विचारावयास हवा.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र परदेशी विद्यार्थ्यास प्रत्येक सत्रास 1,500 युरो भरावे लागतात. खरा भार निर्वाहाचा असतो. व्हिसा मिळण्यापूर्वी एका वर्षाची रक्कम गोठविलेल्या खात्यात ठेवून दाखवावी लागते. 2018 मध्ये ती महिन्यास 720 युरो होती. सप्टेंबर 2024 पासून 992, म्हणजे वर्षास 11,904 युरो झाली. एक युरो 100 रुपये धरला तर सुमारे 12 लाख रुपये. विमानभाडे, विमा, सत्रशुल्क व गरम कपडे यांस 3 लाख धरू. एकूण 15 लाख.

परंतु आज आठ वर्षांची असलेली मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी चौदा वर्षांनी निघेल. तोवर तेथील महागाई वाढेल आणि रुपयाही घसरेल. 2005 च्या सुमारास एक युरो 55 रुपयांना मिळे. महागाईचे 4 व रुपयाच्या घसरणीचे 3 मिळून वर्षास 7 टक्के धरले, तर 15 लाखांचे सुमारे 39 लाख होतात. पुष्कळ पालक येथेच फसतात. ते आजचा आकडा लक्षात ठेवून बचत करतात.

आमच्या भागात पैसा महिन्यास येत नाही, उसाचे बिल आले की येतो. म्हणून हप्ताही वार्षिकच मांडावा. 8 टक्के परतावा मिळाला तर 39 लाखांसाठी दरवर्षी सुमारे 1 लाख 60 हजार बाजूला काढावे लागतील. पाच वर्षे उशीर केला, तर हाच हप्ता 3 लाख 10 हजारांवर जातो. दुसऱ्या वर्षाचा खर्च या निधीत धरलेला नाही. तो शैक्षणिक कर्जातून व मुलीच्या अर्धवेळ कामातून भागवावा. तेथे विद्यार्थ्यास वर्षातून 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. पहिल्या वर्षाचे पैसे मात्र अशा कमाईवर सोडता येत नाहीत, कारण ते निघण्यापूर्वीच दाखवावे लागतात.

निधीचे खाते वेगळे असावे. घरखर्चाच्या खात्यातील पैसा विहिरीच्या मोटारीत कधी जातो ते कळतही नाही. सुकन्या समृद्धी खाते चांगले, पण उच्च शिक्षणासाठी शिलकेच्या निम्म्यापर्यंतच रक्कम काढता येते. उरलेली म्युच्युअल फंडात ठेवल्यास निघण्याच्या तीन वर्षे आधीपासून थोडी थोडी मुदत ठेवीत वळवावी. 2008 साली शेअर बाजार निम्म्याहून खाली आला होता, आणि प्रवेशाची तारीख बाजार सावरेपर्यंत थांबत नाही.

दरवर्षी हप्ता भरताना युरोचा भाव व गोठविलेल्या खात्याची नवी रक्कम पाहून हिशेब पुन्हा मांडावा.