सॅम्पलचे पैसे, कुरिअरचा खर्च आणि पहिली ऑर्डर

नाशिकला कुर्ते शिवून विकणाऱ्या एका बाईंनी इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याला फोन केला, असं समजू. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सॅम्पल पाठवाल का?” व्यापारी “पाठवतो की” म्हणतो आणि फोन ठेवतो. फुकट की विकत, कुरिअर कोणाच्या खात्यावर, ऑर्डर दिल्यावर पैसे वळते होणार का, हे बोललंच जात नाही. मग पहिलं बिल हातात पडलं की कुरबुर सुरू होते.

आधी सॅम्पल कशासाठी हवंय ते विचारावं. रंग, पोत आणि विणकाम बघायचं असेल, तर तळहाताएवढा स्वॉच पुरतो. तो पाकिटात जातो आणि बहुतेक व्यापारी त्याचे पैसे घेत नाहीत. पण कापड किती आटतं हे त्या तुकड्यावर नीट कळत नाही. त्यासाठी मोठ्या तुकड्यावर उभ्या आणि आडव्या दिशेने पन्नास-पन्नास सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, कापड धुऊन वाळवायचं आणि पुन्हा मोजायचं. पन्नासाचे अठ्ठेचाळीस भरले, तर कापड चार टक्के आटलं. शिवाय एखादा कुर्ता शिवून बघायचा तर दोनेक मीटर लागतातच. तेवढं कापड ताग्यातून कापावं लागतं आणि मागे उरलेला आखूड तागा पूर्ण भावाने जाईलच असं नसतं. त्यातच फुकट सॅम्पल म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही व्यापाऱ्याला घेता येत नाही. म्हणून मीटरवारी सॅम्पलला रीतसर बिल लागतं.

आता कुरिअर. नाशिकच्या ताईंना तीन प्रकारचं कापड हवंय, प्रत्येकी दोन मीटर. अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं, १२० जीएसएमचं हे सहा मीटर कापड साधारण एक किलो भरतं. पण अनेक कुरिअर कंपन्या काट्यावरच्या वजनाबरोबर पार्सलने व्यापलेली जागाही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि पाच हजारांनी भागायचं. काट्यावरचं वजन आणि हा आकडा, यांत जो जास्त त्यावर आकारणी होते. तेच कापड ३० × २५ × १२ च्या खोक्यात घातलं, तर हिशेबाचं वजन १.८ किलो होतं. घट्ट घडी घालून पिशवीत दाबलं आणि उंची सहावर आणली, तर ते ०.९ किलो होतं आणि काट्यावरचंच वजन धरलं जातं. ग्राहकाकडून कुरिअरचा खर्च घ्यायचा असेल, तर पार्सल असं दाबून बांधणं हे व्यापाऱ्याचंच काम.

कापड १५० रुपये मीटर आणि कुरिअर १६० रुपये धरू. कापडाचे ९०० अधिक १६० म्हणजे १,०६०. त्यावर पाच टक्के जीएसटी ५३ रुपये. एकूण १,११३. पैसे मागण्याआधी व्यापाऱ्याने मेसेज पाठवावा तो असा:

“ताई, सॅम्पलचे ९०० आणि कुरिअरचे १६०, वर जीएसटी, असे १,११३ होतात. दोन महिन्यांच्या आत किमान १०० मीटरची ऑर्डर दिलीत, तर कापडाचे ९०० पहिल्या बिलातून एकदाच वजा करू. कुरिअरचे पैसे वजा होणार नाहीत, ते कुरिअरवाल्याला जातात. ऑर्डर नाही दिलीत तरी कापड तुमचंच, फक्त पैसे परत मिळत नाहीत.”

इथे किमान मीटरची अट हवीच. ती नसेल, तर कोणी दहा मीटर, म्हणजे १,५०० रुपयांचं कापड मागवून त्यातूनही ९०० वजा करायला सांगेल. मुदतही हवी, कारण सुताचे भाव हलले की कापडाचा दर बदलतो.

ताईंनी १०० मीटरची ऑर्डर दिली. कापडाचे १५,००० झाले. त्यातून ९०० वजा करायचे ते कर लावायच्या आधी, बिलावरच सूट म्हणून दाखवून. उरले १४,१००. त्यावर ७०५ रुपये जीएसटी, एकूण १४,८०५. कर लावून झाल्यावर तळाच्या रकमेतून ९०० काढले, तर ताईंना त्या ९०० वरचे ४५ रुपये जास्त पडतात आणि बिलही चुकीचं बनतं. ऑर्डरची वाहतूक वेगळी. सॅम्पलच्या कुरिअरशी तिचा संबंध नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं.

एक गोष्ट मात्र सॅम्पलने पक्की होत नाही. रंगाचा लॉट बदलला की छटेत थोडा फरक पडतो. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक कापडाचा एक तुकडा व्यापाऱ्याने तारीख आणि लॉट नंबर घालून स्वतःकडे ठेवावा, आणि माल निघण्यापूर्वी नव्या लॉटचा स्वॉच ग्राहकाला पाठवावा. हा स्वॉच फुकट द्यावा. तो पसंत नाही म्हणून ऑर्डर रद्द झाली, तर ९०० रुपयांचं काय, हेही मेसेजमध्ये एका ओळीत लिहावं. लॉट व्यापाऱ्याचा बदलला असेल, तर ते पैसे परत करणंच रास्त.